मुलाखतीचं पान, दुसऱ्यांदा लिहिताना

आमच्या विभागात अनुभवांची एक फाइल आहे. कॅम्पस मुलाखतींना बसलेली शेवटच्या वर्षाची मुलं आपला अनुभव पानभर लिहून तीत लावतात आणि पुढच्या वर्षीची मुलं मुलाखतींचा हंगाम जवळ आला की ती फाइल पारायण केल्यासारखी वाचतात. पान फाइलला लागण्याआधी माझ्या हातून जातं. शिकवायला लागण्याआधी मी डेटाबेसचं काम करत होते आणि मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मला ते मनापासून आवडतं, कारण या फाइलचा वाचक घाईत असतो, घाबरलेला असतो आणि लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवतो. अशा वाचकासाठी लिहिणं ही मोठी जबाबदारी आहे.

एका विद्यार्थिनीचं पान इथे सांगते. मुलगी अभ्यासू, हात चांगला, कोड लिहिताना घाई न करणारी. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखतीत तिची निवड झाली नाही आणि दोन दिवसांनी तिने हे लिहून आणलं :

‘टेक्निकल राउंड अतिशय वाईट झाला. इंटरव्ह्यू घेणारा माणूस उद्धट होता. तो पूर्ण वेळ लॅपटॉपमध्येच बघत होता. मला बोलूच देत नव्हता, सारखं मध्येच तोडत होता. सिलॅबसबाहेरचे प्रश्न विचारले. माझी सगळी उत्तरं बरोबर होती, तरी रिजेक्ट केलं. माणसं यांनी आधीच ठरवलेली असतात. या कंपनीला बसायचं तर विचार करून बसा. टिप्स : एसक्यूएल नीट करा, डीएसए पक्कं ठेवा, कॉन्फिडन्ट राहा.’

मी ते दोनदा वाचलं. राग खरा होता, त्याबद्दल मला शंका नव्हती. पण या पानात एकही प्रश्न नाही. मुलाखत एसक्यूएलची झाली हे फक्त शेवटच्या ओळीवरून कळतं. पुढच्या वर्षीचा मुलगा हे वाचून दोनच गोष्टी करू शकतो. एक तर त्या कंपनीला बसायचंच नाही असं ठरवेल, नाहीतर ‘एसक्यूएल नीट करा’ म्हणजे नेमकं काय करायचं हे न कळल्यामुळे पुस्तक पहिल्या पानापासून उघडून बसेल. कंपनीवरचा आरोप मोघम आहे आणि सल्लाही तितकाच मोघम आहे. इतक्या वर्षांच्या पानांवरून माझं मत असं झालंय की या दोन्हींचं मूळ एकच असतं. जे पाहिलं, ऐकलं, कागदावर लिहिलं, ते गळून गेलेलं असतं आणि त्याच्या जागी त्यातून काढलेला निष्कर्ष बसलेला असतो. पाहिलेलं परत आणलं की आरोपही आपोआप आपल्या मापाचा होतो आणि सल्लाही.

म्हणून मी तिला ‘हे वाक्य काढ, ते सौम्य कर’ असं काही सांगितलं नाही. कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, “पहिला प्रश्न कोणता आला आणि तू काय लिहिलंस, ते जसंच्या तसं काढ.”

“कर्मचाऱ्यांच्या टेबलमधून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा म्हणाले, मॅडम. सोपा होता. मी लगेच लिहिला.”

तिने लिहिलं ते असं :

```sql
SELECT salary FROM employee
ORDER BY salary DESC
LIMIT 1 OFFSET 1;
```

पगार मोठ्यापासून लहानाकडे लावा, पहिली ओळ सोडा, पुढची एक द्या. शंभरातली नव्वद मुलं हेच लिहितात आणि वहीतल्या उदाहरणावर ते बरोबर चालतं. मी शेजारी तीन पगार मांडले : 90,000, 90,000 आणि 80,000. “आता तुझं उत्तर काय येईल?”

ती थांबली. “90,000.” मग म्हणाली, “पण दुसरा पगार 80,000 आहे.”

“हे तुला मुलाखतीत कोणी विचारलं होतं का?”

थोडा वेळ गेला. मग तिने सांगितलं की तिने LIMIT लिहायला घेतलं तेव्हाच त्यांनी विचारलं होतं, ‘दोघांचा पगार सारखा असला तर?’ आणि ती ‘आधी पूर्ण लिहिते सर, मग सांगते’ असं म्हणून लिहीत राहिली होती. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग तिने DISTINCT घातलं. तिच्या पानातलं ‘मध्येच तोडत होता’ ते हेच. त्यांनी दोनदा अडवलं हे खरं आहे. पण अडवताना विचारलेला प्रश्न पानात आला असता तर वाचणाऱ्याला त्यातून काहीतरी हाती लागलं असतं. तांत्रिक मुलाखतीत उत्तर अर्धं असताना आलेला ‘असं झालं तर?’ हा प्रश्न पुष्कळदा मदत म्हणून येतो. त्या जागी थांबून ‘सारखे पगार एकच धरायचे की वेगवेगळे?’ असं उलट विचारायचं असतं. ‘दुसऱ्या क्रमांकाचा पगार’ या शब्दांतच ती संदिग्धता आहे आणि ती तुम्हाला दिसते का हे समोरचा पाहत असतो.

आता, तो माणूस अडवताना चढ्या आवाजात बोलला असेल का? असेलही. मी तिला तेही विचारलं. “आवाज चढला नव्हता,” ती म्हणाली, “पण मला तसं वाटलं.” हे वाक्य तिने स्वतःहून म्हटलं आणि नंतर पानातला ‘उद्धट’ हा शब्दही तिनेच खोडला. तो मी खोडला असता तर तिला ते पटलं नसतं. दुसऱ्याच्या रागावर पेन फिरवण्याचा अधिकार संपादन करणाऱ्याला नसतो, प्रश्न विचारण्याचा असतो.

दुसरा प्रश्न होता तो ‘सिलॅबसबाहेरचा’. प्रत्येक विभागातला दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा. तिने GROUP BY आणि MAX वापरून पाहिलं, त्यातून प्रत्येक विभागातला सर्वांत मोठा पगार मिळाला, दुसरा मिळेना. LIMIT इथे उपयोगी पडत नाही, कारण ते सगळ्या निकालाला मिळून एकदाच लागतं, विभागागणिक लागत नाही. तेव्हा मुलाखतकार म्हणाले की यासाठी विंडो फंक्शन्स असतात, माहीत आहेत का. तिला माहीत नव्हती. तिथेच तिच्या मनात ‘हे आपल्याला शिकवलेलंच नाही’ हे बसलं आणि पुढचं काही तिला नीट ऐकू आलं नाही.

या आरोपात काही तथ्य आहे का हे मला तपासून पाहायचं होतं. विंडो फंक्शन्स एसक्यूएलच्या प्रमाणात 2003 सालीच आली. पण मायएसक्यूएलमध्ये ती मिळाली 8.0 या आवृत्तीपासून, म्हणजे 2018 मध्ये. आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा 5.7 होतं. त्या यंत्रांवर DENSE_RANK असं टाइप केलं तर फक्त चूक दाखवली जाते. म्हणजे तिला ते कधी चालवून बघता आलंच नव्हतं, ही तिची तक्रार खरी आहे. पण ती कंपनीबद्दलची तक्रार नाही. कामाच्या ठिकाणी रोज वापरली जाणारी गोष्ट मुलाखतीत विचारणं यात कंपनीने काहीच वावगं केलेलं नाही.

आणि यातही एक बारकावा होता. तिला आठवून आठवून विचारल्यावर कळलं की मुलाखतकारांनी नंतर असंही म्हटलं होतं, ‘ठीक आहे, तुला येतं त्या पद्धतीने कर.’ मग प्रश्न सिलॅबसच्या आतच होता. कारण 5.7 वर चालणारं आणि दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात असलेलं उत्तर हे :

```sql
SELECT department_id, MAX(salary)
FROM employee e
WHERE salary < (SELECT MAX(salary) FROM employee
                WHERE department_id = e.department_id)
GROUP BY department_id;
```

प्रत्येक विभागातला सर्वांत मोठा पगार आतल्या क्वेरीने काढा, त्याहून कमी असलेल्यांतला सर्वांत मोठा घ्या. सहसंबंधित उपक्वेरी हा प्रकार तिने परीक्षेत लिहिलेला होता, गुणही चांगले मिळाले होते. मी तो कागदावर लिहिल्यावर ती काही बोलली नाही, पण तिने ‘सिलॅबसबाहेरचे’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं : ‘उत्तर दोन प्रकारे येतं.’ ज्युनिअर मुलांसाठी यापेक्षा मोलाचं काही त्या पानावर असूच शकत नव्हतं. नवं फंक्शन माहीत नाही म्हणून हात वर करायचे नाहीत, जुन्या साधनांनी तेच गाठता येतं का ते मोठ्याने बोलत बघायचं.

मग आम्ही तीन फंक्शन्स शेजारी शेजारी मांडली. तेच तीन पगार. ROW_NUMBER त्यांना 1, 2, 3 असे क्रमांक देतं. RANK देतं 1, 1, 3. DENSE_RANK देतं 1, 1, 2. म्हणजे ‘क्रमांक 2’ मागितला तर पहिलं फंक्शन 90,000 दाखवतं, दुसऱ्यात क्रमांक 2 नसतोच म्हणून काही दाखवत नाही आणि तिसरं 80,000 देतं. ‘एसक्यूएल नीट करा’ याऐवजी ‘सारखे आकडे असलेल्या तीन ओळींवर ही तिन्ही चालवून बघा आणि फरक पडदा न बघता बोलून दाखवा’ असं लिहिलं की संध्याकाळच्या अर्ध्या तासात करता येण्यासारखं काहीतरी मुलाच्या हाती पडतं. पगाराची जागा रिकामी असेल तर काय होतं हेही त्याच वेळी बघावं. पोस्टग्रेसमध्ये उतरत्या क्रमात रिकाम्या जागा सगळ्यांच्या वर येतात, म्हणजे ज्याचा पगार नोंदलेलाच नाही त्याला पहिला क्रमांक मिळतो. मायएसक्यूएलमध्ये त्या तळाला जातात. हे ज्याने एकदा पाहिलं आहे तो मुलाखतीत प्रश्न ऐकल्यावर आधी विचारतो, ‘पगार रिकामा असू शकतो का?’

लॅपटॉपचं वाक्य राहिलं होतं. “तो काय करत होता लॅपटॉपवर?” “टाइप करत होता.” कंपन्यांत मुलाखत घेणाऱ्याला प्रत्येक उमेदवाराची नोंद भरायची असते आणि पुष्कळ जण ती बोलता बोलता भरतात. मीही भरली आहे. पण हा माणूस तेच करत होता असं मी लिहू दिलं नाही, कारण ते तिने पाहिलेलं नाही आणि मीही पाहिलेलं नाही. कंपनीवर अन्याय नको म्हणून कंपनीच्या बाजूने गोष्ट रचायची, हाही अंदाजच झाला. पानात एवढंच राहिलं की मुलाखतकार बराच वेळ टाइप करत होते आणि कागदाकडे क्वचित पाहत होते. आणि लगेच त्यातून निघणारी गोष्ट : समोरचा कागद बघत नसेल तर लिहिता लिहिता आपण काय करतोय ते बोलत राहायचं, नाहीतर आपला विचार त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

‘माणसं आधीच ठरवलेली असतात’ याबद्दल विचारलं तेव्हा कळलं, बाहेर बाकड्यावर बसलेल्या एका मुलाने तसं म्हटलं होतं. त्याला कोणी सांगितलं? ठाऊक नाही. ते वाक्य गेलं. ‘सगळी उत्तरं बरोबर होती’ हेही गेलं, कारण दोन्ही प्रश्नांचं काय झालं ते आता कागदावर दिसतच होतं. तिने मूळ पानात मुलाखतकाराच्या बोलण्याच्या ढबीवरून तो कुठल्या प्रांतातला असावा याचा एक उल्लेख केला होता, मी वर दिलेल्या उताऱ्यात तो गाळला आहे. तोही काढला. अशा खुणांवरून माणूस ओळखू येतो आणि प्रांताचा मुलाखतीशी काही संबंध नसतो.

इथवर आल्यावर पान पूर्ण झालं असं मला वाटत होतं. शेवटी सहज विचारलं, “एचआर राउंडमध्ये काय झालं? त्याचं काहीच लिहिलं नाहीस.”

“काही विशेष नाही, मॅडम. नेहमीचंच. घरी कोण कोण आहे, दुसऱ्या शहरात जायची तयारी आहे का, लग्नाचं काय ठरलंय, लग्नानंतर नोकरी करणार का.”

मी पेन खाली ठेवलं. जो आरोप सिद्ध करता येत नव्हता तो पानभर पसरला होता आणि जी गोष्ट नोंदवायलाच हवी होती ती ‘नेहमीचंच’ म्हणून सुटली होती. “तुझ्याआधी किंवा नंतर गेलेल्या मुलांना हे विचारलं?” तिने दोघांना विचारून सांगितलं, त्यांना विचारलं नव्हतं. नोकरभरतीत बाई म्हणून भेदभाव करायला समान वेतन कायद्याने 1976 मध्येच मनाई केली आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती तरतूद आहे. नुसता प्रश्न विचारला म्हणजे भेदभाव सिद्ध झाला असं नाही. तिची निवड त्या उत्तरामुळे झाली नाही असंही म्हणता येत नाही, कारण नकाराचं कारण कोणी कळवलेलं नाही. पण प्रश्न विचारला गेला, याच शब्दांत विचारला गेला, दोन मुलांना विचारला गेला नाही, ही तीन विधानं खरी होती आणि ती पानावर हवी होती.

आमच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना ते नको होतं. त्यांचं म्हणणं, कंपनी पुढच्या वर्षी आली नाही तर पन्नास मुलांचं नुकसान होईल. ही काळजी खोटी नाही, कॉलेजचं सगळं वर्ष या भेटींवर अवलंबून असतं. मी त्यांना पहिला खर्डा आणि दुसरा खर्डा शेजारी ठेवून दाखवला. पहिल्यात कंपनीवर बरेच आरोप होते, त्यातला एकही टिकणारा नव्हता. दुसऱ्यात एकही आरोप नाही, फक्त एक नोंद आहे. ती कंपनीच्या मनुष्यबळ विभागासमोर ठेवली तरी त्यांना खोटी म्हणता येणार नाही. ते काही वेळ गप्प होते. मग म्हणाले की ओळ राहू द्या आणि कंपनीला वेगळं पत्र मी लिहितो. पुढे त्यांनी ते लिहिलं.

कायद्याची बाजूही त्यांच्या मनात होती आणि ती मुलांनाही माहीत असावी. कंपनीचीसुद्धा बदनामी होऊ शकते, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये स्पष्ट आहे. तिथेच अपवादही दिले आहेत, त्यातला पहिला लोकहितासाठी केलेल्या सत्य विधानाचा आहे. ‘हे माझं मत आहे’ असं शेवटी जोडल्याने खोटं विधान सुरक्षित होत नाही. शिवाय ऑनलाइन परीक्षेच्या सुरुवातीला मुलं एका सूचनेवर खूण करतात, तिच्यात प्रश्न बाहेर न देण्याचं वचन असतं. त्या परीक्षेबद्दल आमच्या पानात वेळ, विभाग आणि विषय एवढंच येतं, प्रश्न येत नाहीत. वचन दिलं आहे ते पाळायचं. मुलाखतीत तसं काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून वरचे दोन प्रश्न लिहायला हरकत नव्हती. तसे ते इतके सर्रास विचारले जातात की कोणाचं गुपित म्हणावेत असे नाहीतच.

पान शेवटी असं झालं. तिचेच शब्द आहेत, मी फक्त क्रम लावला :

‘पद : ट्रेनी सॉफ्टवेअर इंजिनिअर. टेक्निकल राउंड साधारण चाळीस मिनिटं, कागदावर, प्रत्यक्ष. बोलावलेली वेळ सकाळी नऊ, माझा नंबर साडेचारला आला. जेवणाची सोय नव्हती, डबा न्या. पहिला प्रश्न : दुसऱ्या क्रमांकाचा पगार. मी LIMIT आणि OFFSET वापरलं. लिहीत असताना सारख्या पगारांबद्दल दोनदा विचारलं, मी पहिल्यांदा थांबले नाही, दुसऱ्यांदा DISTINCT घातलं. असा प्रश्न मध्येच आला तर लिहिणं थांबवा आणि त्यावर बोला. दुसरा प्रश्न : तेच, पण विभागवार. विंडो फंक्शन्स माहीत आहेत का विचारलं, मला माहीत नव्हती. येतं त्या पद्धतीने करा असं म्हणाले, मला तेव्हा सुचलं नाही. उपक्वेरीने होतं, खाली दिलं आहे. ROW_NUMBER, RANK आणि DENSE_RANK सारखे आकडे असलेल्या ओळींवर चालवून बघा. लॅबमध्ये मायएसक्यूएल 5.7 आहे, त्यावर ही चालत नाहीत, घरी 8 टाका. मुलाखतकार बराच वेळ टाइप करत होते, म्हणून लिहिताना बोलत राहा. एचआर राउंडमध्ये मला लग्नाचं काय ठरलंय आणि लग्नानंतर नोकरी करणार का असं विचारलं. माझ्यासोबतच्या दोन मुलांना हे विचारलं नव्हतं. मी “अजून ठरलं नाही” असं उत्तर दिलं. प्लेसमेंट ऑफिसला कळवलं आहे. असं विचारलं गेलं तर तुम्हीही कळवा. निवड झाली नाही. कारण कळवलेलं नाही. हा एका पॅनेलचा अनुभव आहे, दुसऱ्या पॅनेलने माझ्या मैत्रिणीला डेटाबेसचं काहीच विचारलं नाही.’

शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. एकाच दिवशी, एकाच कंपनीत, शेजारच्या खोलीत प्रश्न पूर्ण वेगळे असू शकतात. ज्याला हे माहीत नाही तो एका पानावरून अख्ख्या कंपनीबद्दल मत बनवतो आणि अभ्यासही तेवढ्याचाच करतो.

निवड झालेल्यांची पानंही दुरुस्त करावी लागतात, आणि खरं म्हणजे जास्त. ‘पॅनेल एकदम फ्रेंडली होतं, बेसिक्स विचारले, टेन्शन घेऊ नका.’ यातही प्रश्न नाही, उत्तर नाही, अडलेली जागा नाही. निकालाचा रंग दोन्हीकडे सारखाच चढतो. निवड झाली की अडवणारा माणूस ‘समजावून विचारणारे सर’ होतो, नाही झाली की तोच ‘उद्धट’ होतो. म्हणून आता आम्ही पद्धत बदलली आहे. मुलाखत झाली त्याच संध्याकाळी, निकाल लागायच्या आत, प्रश्न आणि आपण दिलेलं उत्तर कागदावर काढायचं. सर्वांत आधी विसरतो तो प्रश्नांचा क्रम आणि समोरच्याने मध्ये टाकलेली छोटी वाक्यं, तीच आधी लिहायची. निकाल लागल्यावर त्या कागदात बदल करायचा नाही, निकाल खाली वेगळ्या ओळीत लिहायचा. निष्कर्ष काढावासा वाटला तर जरूर काढावा, पण त्याच्या आधी ‘माझा अंदाज’ असं लिहून. आणि दुसऱ्याने सांगितलेलं असेल तर ‘ऐकीव’ असं लिहून. ऐकीव ओळी मी सहसा ठेवत नाही.

त्या मुलीला नंतर दुसरीकडे नोकरी लागली. तिथे काय विचारलं त्याचं पानही फाइलमध्ये आहे.

या वर्षी मुलाखतींना बसणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. तुमच्यावर खरंच अन्याय झाला असेल, तुम्हाला खासगी प्रश्न विचारले असतील, पैसे किंवा मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची मागणी झाली असेल, तर ते गिळू नका. कोणी काय शब्द वापरले, केव्हा, कोणासमोर, एवढं लिहा आणि त्याच दिवशी प्लेसमेंट ऑफिसात द्या. बाकीचा राग माझ्याकडे येऊन बोला. त्यासाठी माझी खोली संध्याकाळी साडेपाचपर्यंत उघडी असते.